भिंत कशाची?

लातूरच्या आमच्या घरात पुढच्या दोन खोल्या वडिलांच्या आणि मागचं स्वयंपाकघर माझं. म्हणजे पुढचं त्यांनी भाजलेल्या लाल विटांत बांधलं आणि मागचं मी, कर्जाचे हप्ते सुरू असताना, स्वस्तात पडतं म्हणून सिमेंटच्या पोकळ ब्लॉकमध्ये. वरून दोन्हीला प्लास्टर आणि एकाच डब्यातला पिस्ता रंग. त्यामुळे दोन्ही भिंती दिसायला सख्ख्या बहिणी. स्वभावाचा फरक कळायला आईच्या पाच बरण्या खर्ची पडाव्या लागल्या.

झालं असं, की येसर, सांडगे, गूळ, चिंच आणि कैरीचं लोणचं या मंडळींना ओट्यावर जागा उरली नव्हती. ओट्याच्या वर एक फळी मारून दे, असं आई संक्रांतीपासून म्हणत होती. मी फळी मारायचं ठरवलं तेव्हा आंबे संपत आले होते.

माझा आत्मविश्वास उगाच नव्हता. पुढच्या खोलीत मी पुस्तकांची फळी स्वतः मारलेली आहे आणि ती सहा वर्षं जागची हललेली नाही. ड्रिल माझं, बिट माझा, अनुभव माझा. फक्त गिट्ट्या, म्हणजे भोकात बसवून आत स्क्रू पिळायच्या प्लास्टिकच्या नळ्या, आणायच्या होत्या. हार्डवेअरच्या दुकानात गेलो, आठ मिमीच्या गिट्ट्या मागितल्या.

दुकानदाराने विचारलं, “भिंत कशाची हाय, सर?”

“सिमेंटची,” मी म्हणालो.

आता यात खोटं काय होतं? पण हे उत्तर म्हणजे डॉक्टरने ‘काय होतंय’ विचारल्यावर ‘अंगाला’ म्हणण्यासारखं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने गिट्ट्यांची पुडी आणि सोबत आठ नंबरचे दीड इंची स्क्रू दिले. मी ब्रॅकेट घेतले, फळी घेतली आणि रविवारी सकाळी स्टुलावर चढलो.

भिंतीने मला तीन वेळा सांगून बघितलं, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पहिल्यांदा, भोक पाडताना राखाडी भुकटी आली. पुढच्या खोलीत आधी प्लास्टरची राखाडी आणि मग विटेची लाल भुकटी आली होती. आईने तेव्हा ‘कुंकू सांडलं की काय’ म्हणून विचारलंही होतं. इथे शेवटपर्यंत राखाडीच. मी म्हटलं, बरं झालं, फरशी लाल होणार नाही. दुसऱ्यांदा, जेमतेम दीड-पावणेदोन इंच गेल्यावर ड्रिल गचकन आत घुसलं आणि माझं नाक ब्लॉकला लागता लागता राहिलं. मी म्हटलं, काय धार आहे बिटाला! तिसऱ्यांदा, स्क्रू पिळताना तो घट्ट होईचना. नुसता गोल गोल फिरायला लागला. मी म्हटलं, पुरे झालं, फार पिळलं की आटे मोडतात.

एका भोकात तर गिट्टीच सैल बसली. त्यावर आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे काडेपेटीच्या काड्या. एक काडी घातली, ती गेली. दुसरी घातली, तीही गेली. भोक काही भरेना. अर्धी काडेपेटी त्या भिंतीने गिळली, तेव्हा बायको खालून म्हणाली, “अहो, दक्षिणापेटी आहे का ती?” एवढ्यावर तरी माणसाने थांबावं. मी नवी पेटी मागितली.

फळी लागली. आईने पाच बरण्या मांडल्या, हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. चार-पाच दिवसांत ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी आणि भिंतीत एक बारीक फट दिसायला लागली. पोस्टकार्ड जाईल एवढी. मी तिच्यात पोस्टकार्डच घडी करून सारलं.

अकराव्या रात्री, अडीचच्या सुमारास, धडाम्!

लातुरात रात्रीच्या आवाजाला एक वेगळा अर्थ असतो. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्यांनी काढली, ती माणसं आवाज कशाचा हे नंतर बघतात, आधी अंगणात येतात. आई अंगणात. शेजारच्या काकू अंगणात. समोरचे निवृत्त तलाठी उघड्या अंगाने, हातात घराचे कागद घेऊन, अंगणात. मी आत जाऊन दिवा लावला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की भूकंप नाही, लोणचं आहे.

सकाळी स्वयंपाकघर बांधलेल्या गवंडीमामांना फोन केला. ते आले, फरशीवरचं तेल ओलांडून भिंतीपाशी गेले, पडलेला एक स्क्रू उचलला आणि चष्म्याजवळ नेऊन बघितला.

“मास्तर, भित कशाची हाय ही?”

“सिमेंटची.”

“म्या बांधली की ओ. पोकळ बिलाकाची हाय.” मग त्यांनी आईकडे केसातला आकडा मागितला. आईने आशेने दिला. मामांनी तो सरळ केला, टोक जरासं वाकवलं, माझ्या भोकात घातला आणि हळूच बाहेर ओढला. आकड्याचं टोक आतल्या बाजूला अडकलं. भिंतीच्या कडेशी अंगठ्याचं नख धरून त्यांनी आकडा काढला आणि पट्टीवर ठेवला. ४५ मिमी. त्यातलं १५ प्लास्टर, म्हणजे ब्लॉकची खरी भिंत ३० मिमी. पुढे सगळी हवा.

“तुमची गिट्टी चाळीसची,” मामा म्हणाले. “त्यातली पंधरा पिलास्टरातच ऱ्हायली. पिलास्टर काय धरतंय? ते रंगासाठी असतंय.”

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आज शाळेतल्या पोरांना सांगतो, गणिताच्या तासाला. गिट्टी काही जादू करत नाही. स्क्रू आत शिरला की ती फुगते, आणि भोवतालचं घट्ट अंग तिला दाबून धरतं. भरीव विटेत चारी बाजूंनी अंग असतं, म्हणून तिथे ती बसते. इथे तिच्या भोवती जेमतेम इंचभर ब्लॉक, आणि तोही मी धड ठेवलेला नव्हता. ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर चालू ठेवून भोक पाडलं होतं ना! बाहेरून भोक गोल, देखणं. पण बिट पलीकडे निघताना ठोक्याने आतल्या बाजूचा खपला उडवून निघतो. मामांनी आकडा आतून गोल फिरवून दाखवला. बाहेर आठ मिमी आणि आत चांगलं नरसाळं झालेलं. गिट्टी जिथे फुगायची तिथे धरायला काही नव्हतंच.

त्यात दुकानातली जोडीही चुकलेली. आठच्या गिट्टीला साधारण साडेचार ते सहा मिमी जाडीचा स्क्रू लागतो, आणि आठ नंबरचा स्क्रू भरतो सव्वाचार. सैल चपलेत पाय घातल्यासारखं. शिवाय दीड इंच म्हणजे ३८ मिमी. त्यातले तीन ब्रॅकेटच्या पत्र्यात गेले, तर तो गिट्टीच्या टोकापर्यंत पोचतच नव्हता.

“मग पुढच्या खोलीतली फळी कशी टिकली?” मी जरा चिडूनच विचारलं. ती माझी शेवटची इज्जत होती.

मामांनी तिचाही एक स्क्रू काढून बघितला. दहा नंबरचा अडीच इंची. तो मी निवडलेला नव्हता. त्या दिवशी घरात तेवढाच होता. पण हिशेब चोख निघाला: पंधरा प्लास्टर, चाळीस गिट्टी, तीन पत्रा, आणि गिट्टीच्या टोकाबाहेर निघायला स्क्रूच्या जाडीएवढं, पाच. सगळं मिळून ६३. अडीच इंच म्हणजे बरोबर तेवढंच. गिट्टीही मी नकळत प्लास्टरच्या आत, विटेत ढकलली होती, कारण भोक जास्त खोल गेलं होतं. सहा वर्षं मी ज्याला कौशल्य समजत होतो, तो दोन चुकांचा गुणाकार होता. “सांध्यात गेला असता तर तितंबी निघाला असता,” मामांनी जाता जाता ऐकवलं. लाल भुकटी बंद होऊन वाळूसारखं काही यायला लागलं, की बिट दोन विटांमधल्या मसाल्यात गेला असं समजायचं आणि भोक दोन बोटं सरकवायचं.

गावाकडच्या माळवदाच्या घरात हे प्रश्न नव्हते. दोन हात रुंद भिंत, आणि खुंटी कुठे हवी ते भिंत बांधतानाच आजी गवंड्याला सांगायची. चुकली तर खुंटी नाही हलायची, माणूस हलायचा.

तर आता उपाय. मामांनी दुकानातून पंखवाले बोल्ट आणायला सांगितले. लांब बोल्ट, त्याच्या टोकाला स्प्रिंगचे दोन पंख. पंख मिटून भोकातून आत सारायचे. पोकळीत गेले की ते उघडतात आणि आतल्या बाजूने भिंतीला आडवे बसतात. मग ओढ भोकाच्या कडांवर न येता ब्लॉकच्या पाठीवर पसरते. भोक मात्र मोठं लागतं, मिटलेले पंख जातील एवढं. आमच्या सहा मिमी बोल्टला सोळाचं लागलं. जुनी भोकं सोडून वीतभर बाजूला, हॅमर बंद करून, नुसतं फिरवत, बिटावर जोर न देता. या वेळी ड्रिल गचकन आत गेलं नाही, हळूच गेलं.

वरच्या बोल्टांचीच काळजी का करायची, हेही मामांनी फळीवर पाणी भरलेली बादली ठेवून दाखवलं. आमची फळी फूटभर रुंद, म्हणजे बरण्यांचं वजन भिंतीपासून सहा इंचांवर. ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या भोकांत अंतरही सहाच इंच. त्यामुळे बरण्या आणि फळी मिळून २८ किलो असतील, तर वरचे दोन बोल्ट मिळून जवळजवळ तेवढ्याच ताकदीने बाहेर ओढले जातात. खालचे नुसते टेकून उभे असतात. सहा इंचांऐवजी फूटभर उंचीचे ब्रॅकेट घेतले की ही ओढ अर्ध्यावर येते. मी परत दुकानात.

“गिझर टांगायचा असला तर हे बी चालणार न्हाई,” मामा म्हणाले. “मग आरपार बोल्ट, आन् पलीकून पट्टी.”

पहिला बोल्ट मीच बसवतो म्हणालो. पंख आत सारले, टक् असा उघडल्याचा गोड आवाज आला, आणि मग लक्षात आलं की ब्रॅकेट माझ्या हातातच आहे. तो आधी बोल्टमध्ये ओवायचा असतो. बोल्ट परत बाहेर काढला, तेव्हा पंख सुटून भिंतीच्या आत पडले. खळ्ळ करत खाली कुठेतरी गेले. त्यांना तिथे अर्ध्या काडेपेटीची सोबत आहे.

बाकीचे मामांनी लावले. ब्रॅकेट हाताने बाहेर ओढून धरायचा आणि मग पिळायचं, नाहीतर पंख बोल्टाबरोबर आतल्या आत फिरत बसतात. घट्ट झाला, की थांबायचं. उगाच जोर केला तर ब्लॉकच तडकतो. या वेळी तो खरंच घट्ट झाला, आणि घट्ट होणं म्हणजे काय ते माझ्या मनगटाला पहिल्यांदा कळलं.

फळीला आता आठ महिने झाले. पोस्टकार्ड राहू द्या, फटीत केसही जात नाही. आईने नव्या बरण्या आणल्या, एकेक करून वर ठेवल्या, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून भिंतीकडे बघितलं. येसर वर आहे, सांडगे वर आहेत, गूळ, चिंच वर आहे.

लोणचं फरशीवर.