10:40 ला आलेला डॉक्टर, 2 ला संपलेली रांग

आज ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या असाइनमेंट तपासल्या आणि डोकं फिरलं. छोट्या दवाखान्याची केस दिली होती. एक डॉक्टर, ओपीडी 10 ची, तासाला सरासरी 10 पेशंट येतात, एकाला 5 मिनिटं लागतात, म्हणजे तासाला 12 तपासून होतात. डॉक्टर येतात 10:40 ला. साचलेली गर्दी कधी निवळेल? बहुतेकांनी लिहिलंय, "दुसरा डॉक्टर ठेवावा." अरे, तालुक्याच्या गावी पहिलाच मिळायची मारामार!

मागच्या पावसाळ्यात माझी माय चोपड्याकडच्या आमच्या खेड्यावरून एसटीने जळगावला दाखवायला आली. दवाखान्यात पोहोचली 12 ला. डॉक्टर केव्हाचे बसलेले, तरी बाकड्यावर जागा नाही. ती मला विचारते, "डॉक्टर त कव्हाना येल शेतस, मंग इतली गर्दी कशी?"

हाच प्रश्न सोडवायचा होता रे पोरांनो! 40 मिनिटांत जवळपास 7 जण साचले. डॉक्टर तासाला 12 तपासतो, पण 10 नवे येतातच. मागची रांग तासाला फक्त 2 नं कमी होते. 7 जण निवळायला साडेतीन तासांच्या आसपास, म्हणजे दुपारचे 2. माय 12 ला आली तरी सकाळच्या उशिराची भरपाई तिनंच केली.

हो, डॉक्टरला इमर्जन्सी येते, मान्य. आणि हे सगळं सरासरीचं गणित आहे, तेही मान्य. प्रत्यक्षात एखादे बाबा जाडजूड फाईल घेऊन येतात आणि 15 मिनिटं जातात. त्यामुळे डॉक्टर वेळेवर आला तरी थोडी रांग राहतेच. पण कंपाउंडरनं बीपी, वजन बाहेरच घेतलं, जुने रिपोर्ट काढून ठेवले आणि आतला वेळ 5 वरून 4 मिनिटांवर आला तर? तासाला 15 तपासून होतात, मागची रांग 2 नाही, 5 नं कमी होते. तीच गर्दी 12 च्या सुमारास निवळते. एका मिनिटानं! माय आली तेव्हा बाकडं मोकळं असतं.

चिडून लिहायला बसलो होतो, पण चूक माझीही आहे. पोरांना तयार आकडे दिले, म्हणून त्यांनी तयार उत्तर दिलं. उद्या नवं काम देतोय. एका ओपीडीत परवानगी घेऊन वही आणि घड्याळ घेऊन बसायचं. नाव नको, आजार नको. पेशंट आला किती वाजता, आत गेला किती वाजता, बाहेर पडला किती वाजता, एवढंच. मग दर अर्ध्या तासाला बाहेर किती जण होते ते मांडायचं, आणि रांग नेमकी कोणत्या वेळी वाढू लागली ते दाखवायचं. दुसरा डॉक्टर सुचवायचा नाही.

माय त्या दिवशी साडेबाराला आत गेली. 1 ची एसटी चुकली, पुढची 3 ला. वहीत चौथा रकाना वाढवतोय: परतीची गाडी किती वाजता.