विज्ञान दिनाचे ‘पाने हिरवी का असतात’ भाषण: कुठे चुकते

दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारे भाषण असे आहे:

“पाने हिरवी का? कारण हरितद्रव्य हिरवा प्रकाश अजिबात वापरत नाही, सगळा परत फेकते. शरद ऋतूत थंडी पडली की हेच हरितद्रव्य आधी पिवळे आणि मग लाल होते. लाल पान म्हणजे मरायला टेकलेले पान.”

आधी ‘अजिबात’ या शब्दाकडे पाहू. पालकाच्या भाजीतून वेगळे काढलेले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जोरात शोषते, हिरवा मात्र फारच थोडा. वाक्याचा उगम इथेच आहे. पण अख्खे पान म्हणजे बाटलीतला अर्क नव्हे. त्यात शिरलेला हिरवा प्रकाश पेशींवर आपटत आतल्या आत फिरतो आणि दर फेरीला थोडा थोडा शोषला जातो. पानाच्या जाडीनुसार साधारण ७० ते ९० टक्के हिरवा प्रकाश असा आतच संपतो. पानाच्या खालच्या थरांतले अन्न बनवण्याचे काम बरेचसे याच प्रकाशावर चालते. निळा आणि तांबडा याहून जास्त शोषला जातो, त्यामुळे परत येणाऱ्या थोड्या प्रकाशात हिरव्याचा वाटा मोठा राहतो. आपल्या डोळ्याला हिरवाच सगळ्यात चांगला दिसतो, म्हणून तेवढाही पुरतो. भाषणात ‘हिरवा सर्वात कमी शोषते’ एवढी दुरुस्ती केली तरी भागते.

खरी गडबड दुसऱ्या वाक्यात आहे. हरितद्रव्य पिवळे होत नाही, ते मोडले जाते. झाड पान टाकायच्या आधी त्यातले कामाचे सामान, मुख्यतः नायट्रोजन, खोडाकडे परत खेचते. त्या आवराआवरीत हरितद्रव्याचे तुकडे होतात आणि शेवटी उरणारे तुकडे बहुतेक रंगहीन असतात. मग दिसते ते पिवळे, म्हणजे कॅरोटिनॉइड. ही रंगद्रव्ये उन्हाळा-पावसाळाभर पानात होतीच, हिरव्याखाली झाकलेली. पिकत्या पानाच्या शिरा जवळून पाहा. बऱ्याच झाडांत शिरांलगतची हिरवी पट्टी सगळ्यात शेवटी जाते, कारण सामान बाहेर नेणारी वाट तीच आहे.

लालची गोष्ट वेगळी. तो झाकलेला नव्हता आणि पिवळ्यापासूनही होत नाही. तो अँथोसायनिन, आणि पान पिकत असतानाच तो नव्याने बनतो. त्याला साखर लागते आणि ऊन लागते. म्हणून ज्या पानावर दुसऱ्या पानाची सावली पडलेली असते तिथे तेवढाच भाग पिवळा राहतो, भोवती लाल चढतो. मेपलसारख्या थंड प्रदेशातल्या झाडांवर स्वच्छ ऊन आणि गारठलेल्या पण न गोठलेल्या रात्री लाभल्या की लाल खुलतो. ढगाळ वर्षी फिका पडतो. पिवळ्यात वर्षागणिक एवढा फरक पडत नाही. बर्च आणि गिंको पिवळेच होतात. ‘आधी पिवळे, मग लाल’ हा क्रम म्हणून चालत नाही.

आता ‘शरद’. इंग्रजी भाषणाचे भाषांतर करताना हा शब्द घुसला असावा. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि तेव्हा नाशिकची झाडे पावसाने तट्ट हिरवी असतात. आपली पानगळ शिशिरातली, म्हणजे नेमकी विज्ञान दिनाच्या आसपासची. कारणही निराळे: तिकडे लहान होणारा दिवस आणि थंडी, इकडे मुख्यतः जमिनीतले आटणारे पाणी. सुरगाणा-पेठकडचा साग पानातून उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी पाने टाकतो, आणि ती लाल न होता तपकिरीच होतात. लाल हवा असेल तर अंगणातला देशी बदाम पाहा.

‘मरायला टेकलेले’ हे तर एका फांदीने खोडून निघते. वाऱ्याने मोडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीवरची पाने तपकिरी होऊन वाळतात, पण पुष्कळदा आठवडेच्या आठवडे लटकत राहतात. जिवंत फांदीवर मात्र देठाच्या बुडाशी सुटण्याचा एक थर तयार होतो आणि पान स्वच्छ खूण सोडून गळते. हा थर घडवायला जिवंत पेशी लागतात. लाल रंग बनवणेही जिवंत पेशींचेच काम आहे. वर महिनाभरात पिंपळ, आंबा, कुसुंब यांची कोवळी पालवी तांबूस-लाल फुटते, ती तर पानाची सुरुवात! पिकत्या पानाला लाल कशासाठी लागतो यावर मात्र एकमत नाही: उन्हापासून पेशी वाचवायला, असे काही म्हणतात, किडीला दूर ठेवायला, असे काही.

हे स्टेजवर दाखवायचे तर दोन प्रयोग पुरतात. पिवळ्यासाठी पालकाची चार पाने बारीक करून सहा-सात चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये घाला आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवा. स्पिरिट पेटते, म्हणून शेगडी आधीच बंद आणि दूर हवी. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा. पेनची शाई वर चढते. रेघेवर अर्काचा ठिपका आठ-दहा वेळा द्या, प्रत्येक वेळी वाळू द्या. मग उंच ग्लासात अर्धा सेंटिमीटर स्वच्छ स्पिरिट घेऊन पट्टी उभी करा आणि वर झाकण ठेवा. अर्ध्या तासात हिरव्याच्या पुढे पिवळी कड दिसते. ठिपका स्पिरिटमध्ये बुडाला तर रंग ग्लासातच उतरतो, बहुतेक फसगत इथेच होते. वेळ लागतो म्हणून पट्टी आदल्या दिवशी करून पाकिटात ठेवा. उजेडात हिरवा उडतो.

लालसाठी बीट किंवा लाल माठ घेऊ नका. त्यांचा लाल बीटालेन या वेगळ्या गटातला आहे, लिंबाला तो दाद देत नाही. बदामाच्या पानात टॅनिन इतके असते की पाणी तपकिरी होते. त्यापेक्षा फेब्रुवारीत घरोघरी असणारी काळी द्राक्षे घ्या (त्यातल्या एका वाणाचे नावच शरद सीडलेस आहे, हवा तर विनोद करून घ्या). दहा मण्यांच्या साली अर्धा कप कोमट पाण्यात कुस्करून गाळा आणि तीन ग्लासांत वाटा. एकात लिंबाचे चार थेंब घातले की लाल उजळतो, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की निळसर-हिरवट होतो, तिसरा तुलनेला. सोडा जास्त पडला तर रंग मळकट होतो. लाल पानातला रंग या सालीतल्याच घराण्यातला आहे.

मुलाला पाठ करायला द्यायचे तर एवढे द्या:

“पान हिरवे दिसते, कारण त्यातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जास्त शोषते आणि हिरवा त्यामानाने कमी. पानगळीआधी झाड पानातले कामाचे सामान परत घेते आणि हरितद्रव्य मोडते. तेव्हा आधीपासून लपलेला पिवळा दिसू लागतो. काही झाडे त्याच वेळी साखर आणि ऊन वापरून नवा लाल रंग बनवतात. पिवळा उघडा पडतो, लाल तयार होतो. आता हा ग्लास पाहा, मी यात लिंबू पिळतो.”