पोकळ मुखवटा आणि ९० टक्क्यांची गोष्ट

"डोळ्यांतून मेंदूला जेमतेम १० टक्के माहिती मिळते, उरलेलं ९० टक्के तो मनानेच रचतो. म्हणजे आपण बघतो तो सगळा भ्रम, आणि दृष्टिभ्रम हाच त्याचा पुरावा. अपेक्षा बदला, दिसणारं जग बदलेल."

या दाव्यातला आकडा हवेतला नाही, पण तो भलत्याच गोष्टीचा आहे. डोळ्यांकडून येणारे तंतू मेंदूतल्या थॅलॅमस या भागातल्या एलजीएन या थांब्यावर पोचतात. तिथून निरोप पुढे नेणाऱ्या पेशींवरच्या एकूण जोडण्यांपैकी साधारण ५ ते १० टक्केच डोळ्यांकडच्या असतात. बाकीच्यांत मोठा वाटा मेंदूच्या वरच्या थरांकडून उलट येणाऱ्या तंतूंचा. पण जोडण्या मोजल्या म्हणजे माहिती मोजली असं होत नाही. शर्मन आणि गिलरी या मेंदूशास्त्रज्ञांनी इथे 'चालक' आणि 'नियामक' असा भेद दाखवला. पेशी कशाबद्दल बोलणार हे डोळ्यांकडच्या त्या मोजक्या जोडण्या ठरवतात, उलट येणारे तंतू मुख्यतः तिचा आवाज लहानमोठा करतात. गाडीत दहा जण बसले म्हणून स्टिअरिंग दहा हातांत जात नाही.

दृष्टिभ्रमांचं उत्तर जरा सावकाश द्यायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे. एक साधा मुखवटा घ्या, आतून एकाच रंगाचा असलेला बरा. त्याची पोकळ बाजू स्वतःकडे करून तो दोन मीटरवर टेकवा, खालून दिवा लावा आणि एक डोळा मिटून बघा. नाक आत गेलेलं असूनही बाहेर आलेलं दिसतं. तुम्ही डावी-उजवीकडे सरकलात की चेहरा तुमच्या मागे वळतो. दृष्टीचे अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी हा प्रयोग आवर्जून दाखवत. कारण उघड आहे: आयुष्यभर पाहिलेले सगळे चेहरे बाहेर फुगीर होते. शिवाय प्रकाश वरून येतो असं मेंदू गृहीत धरतो, आणि खालून उजळलेला खड्डा हा वरून उजळलेल्या उंचवट्यासारखाच दिसतो. मेंदू आधी अंदाज बांधतो आणि मग तो पुराव्याशी ताडतो, असं 'प्रेडिक्टिव्ह कोडिंग' हा सिद्धांत सांगतो. त्यातल्या राव आणि बॅलर्ड या संशोधकांच्या १९९९च्या प्रारूपाच्या भाषेत सांगायचं तर वरचा थर 'फुगीर चेहरा' हा अंदाज खाली धाडतो आणि त्यात न बसणारा फरक तेवढा वर येतो. इथे छायाप्रकाश अंदाजात चपखल बसतो, म्हणून फरक फारसा उरत नाही.

आता दोन्ही डोळे उघडून अर्ध्या मीटरवर या. बहुतेकांना आता खड्डा दिसू लागतो. चेहऱ्यांबद्दलची अपेक्षा तर तीच आहे. मग बदललं काय? दोन डोळ्यांतल्या प्रतिमांच्या फरकावरून खोली काढताना होणारी चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन मीटर हे अर्ध्या मीटरच्या चौपट, म्हणजे तिथे चूक १६ पट. या सिद्धांतात पुराव्याचं वजन चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरतात, म्हणजे जवळ आल्यावर त्याच पुराव्याला २५६ पट वजन मिळतं. अंदाज आणि पुरावा यांची ओढाताण वजनांवर ठरते, आणि पुरावा भक्कम झाला की अंदाज हरतो. सगळंच मनाने रचलेलं असतं, तर चार पावलं पुढे आल्याने काहीच बिघडायला नको होतं.

एक कबुली मात्र द्यायला हवी. नुसती वजनी सरासरी काढली तर मधल्या कुठल्यातरी अंतरावर नाक सपाट दिसायला हवं. प्रत्यक्षात मुखवटा बहुधा एकदम पालटतो, आत किंवा बाहेर. म्हणून विद्यार्थ्यांनी वहीत फक्त सरासरीचं सूत्र उतरवू नये, दोन गृहीतकांमधली स्पर्धाही लिहावी.

'अपेक्षा बदला' या सल्ल्याचा निकाल तोच मुखवटा लावतो. तो पोकळ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच तो तसा ठेवलात, तरी दोन मीटरवर नाक बाहेरच. ठाऊक असणं आणि दृष्टीच्या थरांत मुरलेला अंदाज या वेगळ्या गोष्टी आहेत. हा अंदाज कधीच बदलत नाही असंही नाही. अ‍ॅडम्स, ग्राफ आणि अर्न्स्ट यांनी २००४ मध्ये लोकांना आकार हाताने चाचपायला लावले. कुठला भाग उंच, कुठला खोल हे स्पर्शाने अशा रीतीने कळत होतं, की प्रकाश नेहमीपेक्षा बाजूने येतो असं मानल्याशिवाय दृश्य त्याच्याशी जुळणार नाही. त्या सरावानंतर त्यांचं प्रकाशाच्या दिशेबद्दलचं गृहीतक खरंच सरकलं. बदल घडला, पण हाताला लागलेल्या पुराव्याने.

शिवाय प्रत्येक दृष्टिभ्रम या सिद्धांताच्या खात्यात जमा करता येत नाही. लाल ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की हिरवट-निळसर ठिपका दिसतो. त्याचं बरंचसं स्पष्टीकरण डोळ्यातच, शिथिल पडलेल्या पेशींत सापडतं. वर्गात हे दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ करा आणि विचारा: अंतर, दिवा किंवा मुखवटा डोकं खाली करून धरणं यांनी कुठला भ्रम ढळतो? मुखवट्याचा ढळतो. ठिपका मात्र यांपैकी कशानेही नाहीसा होत नाही, नजर जिथे न्याल तिथे तो मागे येतो.