देवांचा अग्नी चोरण्यापूर्वी

देवांच्या घरातून अग्नी पळवून माणसांच्या हाती द्यावा, असा विचार तुमच्या मनात घोळत असेल, तर विचार थोर आहे. फक्त हात घालण्याआधी प्रोमिथियसचं प्रकरण एकदा नीट चाळून घ्या. ग्रीकांच्या जुन्या देवकुळातल्या या टायटननं हे काम इतकं तपशीलवार करून ठेवलंय, की तुम्हाला नव्यानं शोधून काढण्यासारख्या फारशा चुकाच उरलेल्या नाहीत. त्याच्या नावाचा अर्थ ग्रीक लोक ‘आधी विचार करणारा’ असा लावत. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात चोरीपासून करू नका, जेवणापासून करा. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला होऊन गेलेल्या हेसिअड या कवीच्या सांगण्याप्रमाणे, मेकोने या ठिकाणी देव आणि माणसं यांच्यात कुणी काय घ्यायचं याचा निवाडा चालला होता, तेव्हा प्रोमिथियसनं एक मोठा बैल कापून दोन वाटे घातले. एका वाट्यात सगळं मांस आणि चरबीनं माखलेली आतडी, पण वरून बैलाचं कळकट पोट पांघरलेलं. दुसऱ्यात नुसती पांढरी हाडं, पण वरून चकचकीत चरबीचा थर. मग देवांचा राजा झ्यूस याला म्हणाला, महाराज, तुम्हाला हवा तो वाटा उचला. झ्यूसनं चरबीचा उचलला. तेव्हापासून वेदीवर देवांसाठी हाडं जळतात आणि मांस भाविकांच्या पोटात जातं. ही सोय कुणाची, हे ग्रीकांना पक्कं ठाऊक होतं आणि ती बंद करावी असं त्यांच्यातल्या फारच थोड्यांना वाटलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हेसिअड म्हणतो, झ्यूसला डाव आधीच कळला होता, तरी त्यानं हाडंच उचलली. म्हणजे तुम्ही ज्याला फसवताय तो मुद्दाम फसतोय अशी शक्यता धरून चला. साहेबाला निमित्त हवं असतं आणि ते तुम्ही स्वतःच्या हातानं वाढून देता.

निमित्त मिळताच झ्यूसनं माणसांचा अग्नी बंद केला. ‘बंद केला’ हे शब्द नीट वाचा, कारण त्यातून निघतं की अग्नी माणसांकडे आधी होताच. प्रोमिथियसनं नवं काही आणलं नाही, जप्त झालेला माल सोडवून आणला. तुमच्या कामाची जाहिरात करताना हा तपशील गाळावा. सगळेच गाळतात.

आता प्रत्यक्ष चोरी. पात्र म्हणून मशाल, दिवा, मडकं यातलं काही घेऊ नका. नार्थेक्सचा दांडा घ्या. मराठीत याला कुणी बडीशेपेची काडी म्हणून टाकतं. बडीशेपेच्या काडीतून अग्नी न्यायला निघालात, तर तो अंगणही ओलांडणार नाही. नार्थेक्स म्हणजे फेरुला कम्युनिस. बडीशेपेच्याच कुळातली, पण हिंगाच्या झाडाची अगदी जवळची भाऊबंद. दोन-तीन मीटर उंच वाढते आणि दांडा चांगला मनगटाएवढा जाड होऊ शकतो. फुलोरा संपला की उन्हाळ्यात ती उभीच वाळते. बाहेरची साल कडक राहते आणि आत पांढरा, हलका, स्पंजासारखा गाभा उरतो.

सगळी करामत या गाभ्याची. वाळलेल्या दांड्याच्या टोकाशी निखारा टेकवला की गाभा धरतो, पण भडकत नाही. आतल्या आत धुमसत पुढे सरकतो आणि साल शाबूत राहते. भूमध्य समुद्राकडचे खलाशी विस्तव न्यायला हेच वापरत. तूर्नफोर हा फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ १७०० च्या सुमाराला ग्रीक बेटांवर फिरला, तेव्हा त्यानं ही पद्धत चालू असलेली पाहिली. दांडा हिरवट असेल तर आतल्या ओलीनं निखारा विझतो, म्हणून वाकवून बघा. लवला तर परत ठेवा, कडकन मोडला तर तुमचा. दोन्ही तोंडं गच्च बुजवलीत तर हवेवाचून विझतो. आणि वाटेत काळजीपोटी फुंकत बसलात तर जाळ होतो आणि हातातला पुरावा लांबून दिसू लागतो. अग्नी नेणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती गोष्ट म्हणजे फुंकर न घालणं.

शिवाय हा दांडा संशयास्पद दिसत नाही. मद्याचा देव डायोनिसस याच्या उत्सवात भक्तगण हाच हातात घेऊन नाचत. रोमन मास्तरांची छडीही याच झाडाची. तेव्हा कुणी हटकलंच, तर एकतर नाचायला निघालोय म्हणा, नाहीतर शिकवायला. देव या दोन्हींच्या वाटेला सहसा जात नाहीत.

वाहतूक अशी बिनबोभाट पार पडली. मग प्रोमिथियस सापडला कसा? मालामुळे नाही, गिऱ्हाइकांमुळे. झ्यूसला दांडा दिसलाच नाही. त्याला दिसला माणसांच्या वस्तीतून दूरवर जाणारा उजेड, आणि तो त्याच्या काळजाला झोंबला. जिला तुम्ही अग्नी देणार ती जनता पहिल्याच रात्री सगळ्या चुली एकदम पेटवणार, हे गृहीत धरा. त्यांना थोडं दमानं घ्या असं सांगून उपयोग नाही. त्यांनी बरेच दिवस कच्चं खाल्लेलं असतं.

शिक्षेची व्यवस्था उत्तम असते, त्याबद्दल निश्चिंत असा. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या नावावर असलेल्या नाटकात तिची अंमलबजावणी रंगमंचावरच होते. सत्ता आणि बळजबरी नावाचे दोन अधिकारी कैद्याला खडकापाशी घेऊन येतात. बळजबरी अख्ख्या नाटकात एक शब्द बोलत नाही. तिला गरजच पडत नाही. खिळे ठोकायला आणलाय देवांचा लोहार हेफेस्टस. म्हणजे ज्याच्या भट्टीतली ठिणगी गेली तोच. तो रडवेला होऊन म्हणतो, हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर बरं झालं असतं. सत्ता म्हणते, आणखी जोरात ठोक, ढिलं राहता कामा नये. आधी हात, मग छातीतून आरपार पाचर, मग बरगड्यांभोवती पट्टे, मग पाय. तुमच्याबद्दल मनापासून हळहळणारा माणूसच तुमचे खिळे ठोकील आणि काम चोख करील.

मग गरुड. दिवसा यकृत खातो, रात्री ते तेवढंच परत वाढतं. यावर आधुनिक वाचक हमखास सांगतो, की ग्रीकांना वैद्यक माहीत होतं बरं का, यकृत खरंच वाढतं! वाढतं. दोन तृतीयांश कापून काढलं तरी उरलेला भाग फुगून भरपाई करतो. पण उंदरालासुद्धा त्याला आठवडाभर लागतो, माणसाला त्याहून जास्त, आणि कापलेला तुकडा त्याच जागी पुन्हा उगवत नाही. एका रात्रीत, आणि तेही उघड्या जखमेसकट, हे वैद्यकात बसत नाही. ग्रीकांना हे ठाऊक असल्याचा वेगळा पुरावाही नाही. त्यांच्या लेखी यकृत हे विकारांचं घर होतं आणि बळीच्या जनावराचं यकृत पाहून शकुन सांगत. तेव्हा गरुडाच्या पोटात रोज काय जात होतं ते तुम्हीच ठरवा.

एवढं भोगायची तयारी झाली की हिशेब मिटला, असं वाटेल. नाही मिटला. बिल दोन निघतात. एक चोराच्या नावे, दुसरं चोरीचा माल वापरणाऱ्यांच्या नावे. दुसरं बिल म्हणजे पँडोरा. हेफेस्टसनं माती कालवून घडवलेली, सगळ्या देवांनी नटवलेली. ती पोचवली प्रोमिथियसच्या भावाकडे, एपिमिथियसकडे, म्हणजे ‘मागून विचार करणाऱ्या’कडे. झ्यूसकडून आलेलं काहीही घेऊ नकोस, असं प्रोमिथियसनं त्याला बजावलं होतं. त्यानं घेतलं आणि मग त्याला ते आठवलं. अग्नी चोरायला निघण्याआधी घरातल्या अशा माणसाला कुठेतरी लांब पाठवून द्या. बाकीची सगळी खबरदारी याच्यापुढे फिकी आहे.

जाता जाता, जगातल्या सगळ्या आपत्ती जिच्यातून बाहेर पडल्या म्हणतात, ती पँडोरानं उघडलेली वस्तू पेटी नव्हती. मुळात शब्द आहे पिथोस, म्हणजे धान्य किंवा तेल साठवायचा भलामोठा रांजण, बरेचदा जमिनीत अर्धा पुरलेला. पेटी आणली सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानानं, लॅटिन करताना. रांजण काखोटीला मारून कुणी येत नाही, म्हणजे तो घरातच होता. आपत्ती बाहेरून आल्या असं म्हणायला पेटी सोयीची पडते.

खडकावर वेळ पुष्कळ असतो, तो कसा घालवू नये हेही प्रोमिथियसनं दाखवलंय. माणसांना मी आकडे दिले, अक्षरं दिली, बैल जुंपायला शिकवलं, गलबतं, औषधं, धातू, सगळ्या कला माझ्याच, अशी यादी तो ऐकवत राहतो. ऐकायला कोण? समुद्रकन्या. ज्यांच्यासाठी केलं त्यातलं कुणीही खडकापाशी फिरकत नाही. माणसांतली एकटी आयो येते, तिचंही कपाळ झ्यूसमुळेच फुटलेलं.

सुटकेसाठी दयेवर विसंबू नका. हातात एखादं गुपित ठेवा. प्रोमिथियसकडे होतं: कुणाशी लग्न केलं तर झ्यूसला त्याच्याहून बलवान मुलगा होईल, हे. ती म्हणजे थेटिस ही समुद्रदेवता. तरी गरुड मारला गेला तो झ्यूसचा मुलगा हेराक्लीस याच्या बाणानं, आणि हेसिअड स्पष्टच सांगतो, की मुलाचं नाव व्हावं म्हणून झ्यूसनं राग आवरला. म्हणजे तुमची सुटका साहेबाच्या मुलाच्या कर्तृत्वाच्या यादीत लागते. किती थांबावं लागेल? नाटकात तेरा पिढ्यांचा हिशेब आहे, एका रोमन ग्रंथात ३०,००० वर्षांचा. सामान त्या बेतानं बांधा. सुटल्यावरही बोटात लोखंडी अंगठी घालावी लागते, तिच्यात त्याच खडकाचा तुकडा बसवलेला. कैदी कायम खडकाला बांधलेलाच राहील हा हुकूम कागदोपत्री मोडू नये, एवढ्यासाठी.

आणि लोक आठवण ठेवतात का? ठेवतात. अथेन्सच्या बाहेर अकॅडमी नावाच्या राईत प्रोमिथियसची वेदी होती. तिथून शहरापर्यंत पेटती मशाल घेऊन धावायची शर्यत लागे. नियम असा, की पहिल्याची मशाल विझली तर मान दुसऱ्याचा, त्याचीही विझली तर तिसऱ्याचा, आणि सगळ्यांच्याच विझल्या तर कुणीच जिंकलं नाही. मशालींच्या अशाच एका शर्यतीचं वर्णन ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या नाटकात आहे. एक फिकुटलेला, जाडजूड गडी वाकून धापा टाकत सगळ्यांच्या मागून येतोय. वेशीपाशी केरामेइकोस या वस्तीतली मंडळी त्याच्या पोटावर, बरगड्यांवर, ढुंगणावर थपडा घालताहेत. त्या थपडांनी त्याला पादायला होतं, त्या वाऱ्यानं मशाल विझते आणि तो तसाच पळून जातो.