«थोडी लांब बाही» म्हणजे नेमकी किती?

★☆☆☆☆ «बाही थोडी लांब करा, ड्रेस मिडी करा, गळा जरा खोल करा, एवढंच लिहिलं होतं. बाही मनगटापर्यंत आली, ड्रेस घोट्यापर्यंत गेला आणि गोल गळ्याचा व्ही झाला. फोटो एडिटिंगचं हे टूल कुचकामी आहे.»

मालकाचं उत्तर:

नमस्कार. तुमचा वैताग समजतो, पण टूल कुचकामी आहे हे मला मान्य नाही. «थोडी», «जरा» यांना माप नसतं, त्यामुळे टूल स्वतःच अंदाज बांधतं. कापड शरीरावर कुठे संपायला हवं ते सांगितलं की अंदाजाला फारशी जागा राहत नाही.

बाहीपासून बघू. तुमच्या फोटोत ती दंडाच्या मध्यावर संपते. कोपरापर्यंत, थ्री-फोर्थ किंवा पूर्ण, यातली कुठलीही बाही त्याहून लांबच. थ्री-फोर्थ हवी असेल तर नावासोबत «कोपर आणि मनगट यांच्या मधोमध संपणारी» असंही लिहा. तुमच्या मॉडेलचा हात वाकलेला आहे. अशा फोटोत नुसत्या नावावरून लांबी चुकू शकते.

मिडीचंही तसंच. गुडघ्याच्या जरा खालपासून पोटरीच्या बऱ्याच खालपर्यंतच्या लांबीला लोक मिडी म्हणतात. «खालची कड पोटरीच्या मध्यावर, सगळीकडे सारखी» असं लिहा. शेवटचे दोन शब्द वगळले तर कड कधी पुढे आखूड, मागे लांब अशी येते.

गळ्यात मात्र आकार, खोली आणि रुंदी या तीन वेगळ्या गोष्टी असतात. तुम्ही फक्त खोली सांगितलीत, म्हणून आकार टूलने निवडला. गोल गळा खोल करताना तो रुंदही झाला तर खांद्याची पट्टी बारीक होते, हेही आधीच अडवायला हवं.

तुमच्याच फोटोसाठी मी असं लिहीन:

«बाही थ्री-फोर्थ करा, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध संपणारी, हाताला बेताची घट्ट. गळा गोलच ठेवा, रुंदी तीच, तळ कॉलरबोनच्या दोन बोटं खाली. खालची कड पोटरीच्या मध्यावर, सगळीकडे सारखी. कापडाची नक्षी, कंबर, चेहरा आणि उभं राहण्याची पद्धत बदलू नका.»

तिन्ही बदल एकदम करण्यापेक्षा आधी कड, मग बाही, शेवटी गळा असं केलं तर कुठे बिघडलं ते लगेच कळतं. गळा शेवटी, कारण तो खोल करताना आधी झाकलेली त्वचा टूलला नव्याने रंगवावी लागते. तिथे रंग जुळला नाही तर मान आणि छाती वेगळ्या फोटोंतली वाटतात. मूळ फोटो शेजारी ठेवून खांद्याची शिवण आणि नक्षीचा आकारही पाहा.

एक मर्यादा सांगतो. गुडघ्यावर कापलेला फोटो असेल तर मिडी दाखवायला खाली जागाच नसते. आधी पायांपर्यंतचा फोटो घ्या.

वरचा मजकूर वापरूनही गळा व्ही आला तर दोन्ही फाइल सपोर्टला पाठवा. तो दोष टूलचा असेल आणि त्या एडिटचं क्रेडिट तुम्हाला परत मिळेल.