विहिरीच्या पाण्यावरील हक्क: एक खुलासा

“पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, म्हणून इस्लामी कायद्यात विहिरीवर कोणाचाच हक्क नसतो.”

यातले पैगंबरांचे वचन खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. सुन्नी इस्लामच्या हनफी न्यायशास्त्रात विहिरीतले पाणी मालकीचे नसले, तरी पडीक जमिनीत रीतसर विहीर खोदणाऱ्याला तिच्याभोवती ४० हातांचा ‘हरीम’ म्हणजे राखीव पट्टा मिळतो आणि त्या हद्दीत दुसरी विहीर खोदू पाहणाऱ्याला तो रोखू शकतो. तहानलेल्या वाटसरूला मात्र तो पाणी नाकारू शकत नाही. नाकारल्याने जिवावर बेतले, तर वाटसरूला शस्त्र उचलण्याचीही मुभा आहे. (घागरीत भरलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे, म्हणून तेथे झगडा शस्त्राविना, हा भेद मोठा सूक्ष्म आहे.) शेजाऱ्याला त्याच विहिरीवर शेत भिजवायचे असल्यास मात्र परवानगी घ्यावीच लागते.