सारखी वाटणी, विरळ टाका

सासूबाई बचत गटाच्या अध्यक्ष असल्यामुळे गटाच्या गोधड्या ऑनलाइन विकण्याचे काम मला अर्ज न करताच मिळाले. पहिल्या रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोंत डाळिंबी गोधडी केशरी दिसू लागली, तेव्हा सकाळी ओसरीच्या सावलीत पुन्हा फोटो काढावे लागले. प्रत्येक फोटोखाली माप हवे, असे मी सुचवताच "चार हात लांब" असे उत्तर आले. ते हात कोणाचे, यावर बराच वेळ चर्चा झाली.

खरी परीक्षा पुढेच होती. पुण्याच्या एका ग्राहकाने फोटोतल्यासारख्याच दहा गोधड्या मागवल्या. जुन्या साड्यांची गोधडी पुन्हा तशीच होत नाही, कारण ती साडी जगात एकच असते. तेव्हा आकार आणि टाका सारखा राहील, रंग मात्र जुळेलच असे नाही, हे त्यांच्याकडून आधी लेखी मान्य करून घेतले. गटात दहा जणी असल्यामुळे प्रत्येकीला एक, असा सोपा हिशेब ठरला. परंतु दोघींच्या शेतात तुरीची काढणी आली आणि त्यांच्या वाट्याच्या गोधड्या शेजारच्या काकूंनी शिवल्या. म्हणजे काकूंच्या तीन झाल्या, त्या दोघींची एकही नाही.

बाराशे रुपये नगाप्रमाणे बारा हजार आले. त्यांतून अस्तर, दोरा आणि पार्सलचे तीन हजार व गटाच्या निधीचे बाराशे वजा जाता सात हजार आठशे उरले. "गट सगळ्यांचा, तर पैसेही सगळ्यांचे," असे न शिवलेल्या दोघी मोठ्या तत्त्वनिष्ठेने म्हणाल्या. काकूंनी उत्तर न देता सुईने टोचलेली बोटे पुढे केली. अखेर नगाला सातशे ऐंशी ठरले आणि काकूंना दोन हजार तीनशे चाळीस मिळाले.

तेवढ्यात शिवणाऱ्यांपैकी आणखी एकीने आपली गोधडी उलटी करून दाखवली. तिच्या धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर होत्या, तर काकूंच्या चार बोटांवर. त्या घाईत उरकल्या होत्या, हे कोणालाही दिसत होते. धुतल्यावर आतले थर सरकून गोळा होतात ते याच गोधड्यांचे. तेव्हापासून दाट आणि विरळ असे दोन भाव आहेत, त्यांचे फोटोही वेगळे आहेत, आणि नवी मागणी फोटो कोणाच्या गोधडीचा आहे हे न पाहता यादीतल्या क्रमाने जिची पाळी असेल तिला मिळते. बोटांची जाडीही सारखी नसल्याचे निष्पन्न झाल्यावर माझ्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी गटाच्या मालमत्तेत जमा झाली. ती धरणारीने स्वतःची गोधडी मोजू नये, असा ठराव इतिवृत्तात आहे; काकूंनी त्यावर सही केली, पण अंमळ विरळ अक्षरात.